आठ वर्षं बोललो नाही अशा जुन्या कलीगला आता कामासाठी फोन करायचाय, सुरुवात कुठून करू?

भाट्येकिनारा · रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस मनात आहे म्हणून लिहितोय, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीत मासळी प्रोसेसिंगच्या एका प्लांटमध्ये क्वालिटीला आहे. २०१२ ते २०१७ माझ्याबरोबर एक जण होता, माझ्यापेक्षा दोन वर्षं सीनियर, पण आमचं पहिल्यापासून अरे-तुरे. नाइट शिफ्टला आम्ही दोघंच असायचो, कोळंबीच्या ब्लॉकचं कोअर टेम्परेचर उणे १८ ला आलंय की नाही ते बघत बसायचं, पहाटे चारला कॅन्टीनचा चहा, असं पाच वर्षं. तो मग नवी मुंबईला गेला. सुरुवातीला फोन होते, मग नुसते दिवाळीचे फॉरवर्ड, मग तेही बंद. भांडण काही नाही.

आता तो एका सर्टिफिकेशन कंपनीत फूड सेफ्टीचा लीड ऑडिटर आहे, लिंक्डइनवर दिसलं. मला पण आता ऑडिटच्या बाजूला जायचंय, वय ३९, पाच दिवसांचा लीड ऑडिटरचा कोर्स करावा का, केला तर कोणी ट्रेनी म्हणून घेतं का, हे त्याच्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. आणि खरं सांगायचं तर त्याच्याकडे ट्रेनी ऑडिटर कोण घेतं त्या माणसाशी ओळख करून दिली तर हवीच आहे.

अडचण अशी की २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. मला तीन महिन्यांनी कळलं, आणि आता इतक्या उशिरा काय फोन करायचा म्हणून मी केलाच नाही. मी त्यांच्या घरी जेवलोय, काका मला नावाने हाक मारायचे. हे मनात इतकं आहे की कामाचा मेसेज लिहायला घेतला की बोटं थांबतात. आधी सांत्वन करू की कामाचं बोलू की दोन्ही एकदम?

---

दापोलीकर · रविवार, रात्री ११:१५

कामाचं अजिबात काढू नको आत्ता. साधा मेसेज टाक, कसा आहेस, घरचे कसे आहेत. महिना दोन महिने नॉर्मल बोलत राहा, त्याच्या पोस्टला लाइक कर, वाढदिवसाला विश कर, संबंध गरम झाले की मग हळूच विषय काढ. मी असंच केलं होतं एका पुण्यातल्या मित्राच्या बाबतीत आणि झालं काम.

---

अलिबाग_वाशी_अपडाउन · सोमवार, सकाळी ७:५०

मला वाटतं असे फोन करूच नयेत. मला गेल्या वर्षी एका जुन्या कलीगचा सहा वर्षांनी फोन आला, पंधरा मिनिटं आई कशी, मुलगा कितवीत, सगळं विचारलं, मला इतकं बरं वाटलं, बायकोला पण सांगितलं की बघ आठवण ठेवली. तिसऱ्या दिवशी परत फोन, की एक बिझनेस प्लॅन दाखवायचाय, रविवारी झूम मीटिंगला ये. चेन मार्केटिंग. तेव्हापासून जुना नंबर दिसला की मी उचलतच नाही. पैसे उसने मागायचे असतील तर बँकेतून घ्या, मैत्रीत आणू नका.

---

भाट्येकिनारा · सोमवार, सकाळी ८:२०

@अलिबाग_वाशी_अपडाउन दादा, पैसे नाही मागायचेत, सल्ला आणि ओळख हवी आहे. पण तुमचा अनुभव वाचून धस्स झालं, कारण दापोलीकर म्हणतायत तसं केलं तर त्याला पण माझ्याबद्दल हेच वाटेल ना?

---

वाशिष्ठीकाठ · सोमवार, दुपारी १:३०

मी लोट्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं एचआरला होतो, आता चिपळुणात निवृत्त आहे. अशा फोनांच्या दोन्ही टोकांना बसलोय म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दापोलीकरांच्या सल्ल्याबद्दल. अर्धा बरोबर आहे, पहिल्याच वाक्यात "माझं एक काम होतं" असं येऊ नये. पण दोन महिने गोड बोलून मग विषय काढणं हेच नेमकं अलिबागच्या भाऊंना लागलं. त्यांना राग प्लॅनचा आला नाही, राग आला तो आधीच्या पंधरा मिनिटांचा. आई कशी आहे हा प्रश्न खरा नव्हता असं मागाहून कळलं. तुम्ही जितके दिवस काम लपवून गप्पा माराल तितक्या दिवसांच्या गप्पा नंतर खोट्या ठरतात. म्हणून काम असेल तर ते लवकर कळू द्यावं, फक्त त्याच वेळी मागू नये. कळू देणं वेगळं आणि मागणं वेगळं.

आता तुमची केस. यात दोन गोष्टी आहेत आणि त्या एका मेसेजमध्ये बसत नाहीत. "काका गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं, बरं मला ऑडिटमध्ये यायचंय" असं वाचलं की सांत्वनाची किंमत शून्य. काकांसाठीचा फोन स्वतंत्र करा, आणि फोनच करा, मेसेज नाही. चार वर्षं झाली म्हणून लाज वाटू देऊ नका, बारावं-तेरावं झाल्यावर कोणी येत नाही, सगळे पहिल्या पंधरा दिवसांतच येऊन जातात, उशिरा कोणी नाव काढलं तर घरच्यांना ते जास्त लक्षात राहतं. फक्त "तुला मुद्दाम फोन केला नाही असं नाही, बिझी होतो" वगैरे कारणं देऊ नका. सरळ सांगा की कळलं होतं, उशीर झाला म्हणून हिंमत झाली नाही, ती माझी चूक. आणि काकांची एखादी खरी आठवण सांगा, तुमच्याकडे आहेच.

त्या फोनमध्ये तो विचारणारच, मग तुझं काय चाललंय? तिथे खोटं बोलू नका, "मजेत, काही नाही" म्हणालात तर महिन्याने विषय काढताना अडकाल. सांगा की प्लांटमध्येच आहे, आता ऑडिटच्या बाजूचा विचार करतोय, त्याबद्दल तुझ्याशी एकदा निवांत बोलायचंय, पण आज नाही, आज काकांसाठीच फोन केला. एवढंच, आणि थांबायचं. तो म्हणाला की अरे बोल ना आत्ताच, तरी नाही म्हणा.

---

देवगडचो · सोमवार, दुपारी २:०५

तुका एक सांगतंय, फोन बिन कित्याक? तेचो गाव खंयचो? चाकरमानी गणपतीक गावाक येतलोच. घरी जा, गणपतीक नमस्कार कर, काकांच्या फोटोक हार घाल, आईच्या पाया पड, चाय घे. तिथे बोलाचा लागना नाय, समजता सगळा.

---

भाट्येकिनारा · सोमवार, दुपारी २:४०

@देवगडचो त्याचं गाव संगमेश्वरकडे आहे, गणपतीला येतो हे खरं, पूर्वी मी पण जायचो आरतीला. पण गणपतीला अजून वेळ आहे आणि इतकी वर्षं न जाता एकदम दारात उभं राहायचं म्हणजे जास्तच अवघड वाटतंय.

@वाशिष्ठीकाठ काका, तुमचं अगदी पटलं. एक शंका, बोलताना त्याला तू म्हणू की तुम्ही? तेव्हा तू म्हणायचो, पण आता तो मोठ्या पोस्टवर आहे. मेसेज लिहिताना एकदा "सर" लिहून खोडलं.

---

वाशिष्ठीकाठ · सोमवार, सायंकाळी ६:१०

खोडलंत ते उत्तम केलंत. जे नातं होतं तेच ठेवा. पाच वर्षं ज्याला तू म्हणालात त्याला आज तुम्ही म्हटलं की त्याला आदर नाही ऐकू येत, अंतर ऐकू येतं, आणि लगेच कळतं की काहीतरी हवंय. माझ्या हाताखाली एक ऑपरेटर होता, मला "तात्या" म्हणायचा, निवृत्तीनंतर तीन वर्षांनी फोन आला, "साहेब नमस्कार". त्याने पुढे काही बोलायच्या आधीच मी मनात म्हटलं याच्या मुलाला नोकरी पाहिजे. खरंच पाहिजे होती, आणि तात्या म्हणून मागितली असती तरी मी तेवढंच केलं असतं, पण मनाला बरं वाटलं असतं.

उलट असेल, म्हणजे तेव्हा अहो-जाहो असेल, तर आता स्वतःहून तू वर येऊ नये. तो म्हणाला तरच.

---

तारकर्ली_माहेर · सोमवार, रात्री ९:३०

मी ज्याला मदत मागतात त्या बाजूने लिहिते. आमचं तारकर्लीला होमस्टे आहे, त्याआधी मी मुंबईत आठ वर्षं ट्रॅव्हल कंपनीत होते. दोन वर्षांपूर्वी जुन्या ऑफिसमधल्या एकीचा फोन आला, तिला मालवणात स्कूबावाल्यांशी टायअप करायचा होता, माझी तिथे चांगली ओळख. मी लगेच व्हॉट्सॲप ग्रुप केला, दोघांना ॲड केलं, आणि बाहेर पडले. पुढे काय झालं ते ना तिने सांगितलं ना त्याने. सहा महिन्यांनी बाजारात तो भेटला तर तोंड वाकडं, म्हणे तुमच्या मैत्रिणीने तीन वेळा तारखा घेतल्या आणि ऐनवेळी कॅन्सल. मला काहीच माहीत नव्हतं. म्हणजे बोलणी झाली तिची आणि नाव गेलं माझं, आणि मला इथेच राहायचंय त्याच्या शेजारी.

तेव्हापासून मी आधी समोरच्याला विचारते, अमुक अमुक आहे, असं असं काम आहे, नंबर देऊ का? तो हो म्हणाला तरच देते. तर तुम्ही ओळख मागताना हे लक्षात ठेवा की तुमचा मित्र स्वतःचं नाव लावतोय. त्याला नाही म्हणायची वाट ठेवा.

---

वाशिष्ठीकाठ · सोमवार, रात्री १०:००

तारकर्लीच्या ताईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय. म्हणूनच पहिल्या बोलण्यात ओळख मागूच नये, सल्लाच मागावा. सल्ला देताना तो तुम्हाला जोखतो, त्याची खात्री पटली की बरेचदा तोच म्हणतो की अमुकशी बोल. त्याने स्वतःहून नाही सांगितलं तर नंतर विचारता येतं.

आणि सल्ला पण असा मागा की वीस मिनिटांत उत्तर देता येईल आणि तोच देऊ शकेल. "मला काही गाइड कर" याला काय उत्तर देणार बिचारा? "फिश प्लांटमध्ये चौदा वर्षं क्वालिटी केलेल्या माणसाने आधी कोर्स करावा की आधी ट्रेनीची जागा शोधावी, तू असतास तर काय केलं असतंस?" याला उत्तर आहे.

इथे अनेकांना वाटतं की इतकी वर्षं बोललो नाही तर आता त्याच्याकडून काय मिळणार. अमेरिकेत डॅनियल लेव्हिन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निगन या तिघांचा २०११ चा अभ्यास नेमका यावरच आहे, नोकरीतल्या मोठ्या लोकांना त्यांनी वर्षानुवर्षं संपर्क तुटलेल्या माणसांकडे कामाचा सल्ला मागायला लावलं, आणि तो सल्ला चांगलाच उपयोगी निघाला. कारण सोपं आहे, रोजच्या माणसांना जे माहीत ते तुम्हालाही माहीत असतं, हा आठ वर्षं दुसऱ्या जगात होता. आणि जुना विश्वास मात्र कुठे जात नाही. पण तो विश्वास आधी असावा लागतो, नुसती तोंडओळख असलेल्याला हे लागू करू नका.

---

गुहागरची · मंगळवार, सकाळी ९:१५

एक प्रॅक्टिकल गोष्ट, नंबर आधी तपासा. बंद झालेला मोबाइल नंबर साधारण ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. माझ्या भावाने जुन्या बॉसला भला मोठा मेसेज पाठवला, दोन टिक, ब्लू टिक, उत्तर नाही. महिनाभर हा समजत होता की सर रागावलेत. शेवटी कळलं नंबर भलत्याकडे आहे. डीपी बघा, नाही कळलं तर एक ओळ टाका, "हा अमुकचाच नंबर का, मी रत्नागिरीहून", आणि खासगी काही लिहू नका उत्तर येईपर्यंत.

---

भाट्येकिनारा · मंगळवार, दुपारी १२:३०

@गुहागरची ताई तुमचे आभार, खरंच बदललाय नंबर. डीपीवर कुठल्यातरी लहान बाळाचा फोटो आणि नाव भलतंच. तो मेसेज गेला असता तर मी पण महिनाभर तेच समजत बसलो असतो. लिंक्डइनवर आधीच कनेक्ट आहोत, तिथे फक्त एवढं लिहिलंय:

"अरे, तुझा नंबर बदललाय का? काकांबद्दल बोलायचं होतं, खूप आधी बोलायला हवं होतं. तुला जमेल तेव्हा नंबर पाठव, मी फोन करतो."

---

दापोलीकर · मंगळवार, दुपारी १:००

मेसेज छान आहे. पण फोनवर "बोलायचंय पण आज नाही" असं म्हणायचं हे मला अजूनही पटत नाही. काकांसाठी फोन केलाय ना, मग तो त्यांच्यासाठीच राहू दे. काम आहे असं नुसतं सुचवलं तरी सांत्वनाला डाग लागतो. त्याने विचारलं तर "प्लांटमध्येच आहे" म्हणून गप्प बसावं, महिन्याने वेगळा फोन करावा. यात खोटं काय आहे?

---

वाशिष्ठीकाठ · मंगळवार, दुपारी ३:२०

खोटं नाही हे मान्य. तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे, शेवटी त्या माणसाला जो ओळखतो त्यानेच ठरवावं. मला फक्त महिन्यानंतरच्या त्या फोनची भीती वाटते, त्यात त्याला मागचा फोन आठवेलच.

---

भाट्येकिनारा · पुढचा रविवार, रात्री ११:०५

अपडेट देतो. गुरुवारी त्याने नंबर पाठवला, फक्त नंबर, पुढे काही नाही, त्यामुळे फोन लावताना हात थरथरत होता. सांगितलं की मला कळलं होतं, उशीर झाला म्हणून फोन केला नाही, चुकलो. तो बराच वेळ गप्प. मग मी काकांची ती गोष्ट सांगितली, एकदा पावसात माझी बस चुकली होती तर काका छत्री घेऊन स्टँडवर आले होते आणि दोघांसाठी एकच छत्री आणली म्हणून स्वतः भिजत चालले. तो म्हणाला, ही गोष्ट मला माहीतच नव्हती, तुम्ही दोघंच होतात का तेव्हा? आणि मग तो बोलत सुटला, ऑक्सिजनची धावपळ, शेवटचं बघायला पण मिळालं नाही, सगळं. चाळीस मिनिटं. मी फक्त ऐकलं.

शेवटी त्याने विचारलं तुझं काय. मी वाशिष्ठीकाठ काकांनी सांगितल्यासारखंच बोललो. तो म्हणाला रविवारी सकाळी फोन कर.

आज सकाळी बोललो, पंचवीस मिनिटं. सल्ला अपेक्षेपेक्षा वेगळा मिळाला. म्हणाला कोर्सचे पैसे आत्ता घालू नको, आधी तुझ्याच प्लांटची इंटर्नल ऑडिटं तू स्वतः कर आणि त्यांचे रिपोर्ट नीट लिहायला शीक, कोर्सचं सर्टिफिकेट बऱ्याच जणांकडे असतं, पण नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे नियमाला धरून नसलेली गोष्ट, अशी लिहिणं की समोरच्याला वाद घालता येऊ नये, ते फार थोड्यांना येतं. दोन रिपोर्ट लिही, मला पाठव, मी लाल पेनाने परत पाठवतो म्हणाला. नाइट शिफ्टचे लॉग तो असेच तपासायचा.

ओळखीचं मी काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. शेवटी एवढंच म्हणाला "बघू पुढे". याचा अर्थ नाही असा घ्यायचा का?

---

वाशिष्ठीकाठ · सोमवार, सकाळी ८:४५

नुसतं "बघू" किंवा "सीव्ही पाठवून ठेव" असतं तर मी म्हटलं असतं की तो सभ्य शब्दांतला नकार आहे, एकदा पंधरा दिवसांनी आठवण करावी आणि सोडून द्यावं. पण ज्याने रिपोर्ट मागितलेत तो स्वतःचा वेळ घालायला तयार आहे. त्याचं बघू हे तुमच्या रिपोर्टवर अवलंबून आहे असं मी समजेन. रिपोर्ट पाठवा, त्याने दुरुस्त केलेला परत लिहून पाठवा, म्हणजे त्याला दिसेल की सांगितलेलं केलं.

पुढे ओळखीची वेळ आली तर त्याला लिहायला लावू नका, तुम्हीच चार ओळी द्या, त्याला नुसत्या पुढे पाठवता येतील अशा. साधारण असं:

"मासळी प्रोसेसिंगमध्ये चौदा वर्षं क्वालिटीचा अनुभव, रत्नागिरी. फ्रोझन कोळंबी आणि माकूळ. स्वतः केलेल्या इंटर्नल ऑडिटचे दोन रिपोर्ट सोबत. ट्रेनी ऑडिटरच्या जागेबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं आहे, आत्ता जागा नसेल तरी चालेल."

वर त्याच्यासाठी वेगळी ओळ, की हे आधी त्यांना विचारून मगच पाठव, आणि तुला योग्य वाटत नसेल तर नको पाठवूस, मला अजिबात वाईट वाटणार नाही. ही शेवटची ओळ मनापासून असेल तरच लिहा.

---

तारकर्ली_माहेर · सोमवार, सकाळी ११:१०

आणि पुढे काय झालं ते त्याला कळवा, काम झालं नाही तरी. मला कोणी कळवलं असतं तर मी आजही त्या मैत्रिणीसाठी फोन फिरवले असते.

छत्रीची गोष्ट वाचून डोळ्यात पाणी आलं हो.

---

अलिबाग_वाशी_अपडाउन · सोमवार, दुपारी १२:००

मी वर चुकीचं समजून लिहिलं होतं, माफ करा. माझ्या एका जुन्या साहेबांची बायको गेली दोन वर्षांपूर्वी, मी पण फोन केलेला नाही. मला त्यांच्याकडून काहीच नकोय. आता इतक्या उशिराने केला तर त्यांना असंच वाटेल का की काहीतरी काम असणार?

---

देवगडचो · सोमवार, दुपारी १२:२०

वाटू दे मरे. दोन मिनटां वाटात, मगे तू काय मागलंस नाय तर समजात. कर फोन.

---

भाट्येकिनारा · सोमवार, रात्री १०:१५

पहिला रिपोर्ट लिहायला घेतलाय, ब्लास्ट फ्रीझरच्या तापमानाच्या नोंदींचा. एक नॉनकन्फॉर्मिटी तीनदा लिहिली, अजून वाद घालता येईल अशीच वाटतेय. शनिवारपर्यंत पाठवतो त्याला.

आणि @देवगडचो, त्याने फोन ठेवताना स्वतःच विचारलं, गणपतीला येतोस का आरतीला, आई विचारत होती. जाणार आहे.